पहिल्या मेसेजमधलं काम कुणी करायचं?

जोडीदार शोधण्याच्या अ‍ॅपवर पहिला मेसेज काय पाठवावा, हा वाद निघाला की दोन बाजू लगेच ठरून जातात. एका बाजूचं म्हणणं असं की नुसतं 'हाय' पुरेसं आहे. समोरच्याला आपण आवडलो असू तर 'हाय'लाही उत्तर येईल, आणि आवडलो नसू तर कितीही घोटून लिहिलं तरी उपयोग नाही. दुसरी बाजू म्हणते, 'हाय' हा निव्वळ आळस आहे. पहिली ओळ अशी हवी की वाचणाऱ्याला हसू आलंच पाहिजे. मग या बाजूचे लोक एकमेकांना तयार ओळी पुरवतात, कुठल्या ओळीला किती उत्तरं आली याचे हिशेब मांडतात. दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात आणि दोघींचं लक्ष एकाच माणसाकडे असतं, मेसेज पाठवणाऱ्याकडे. त्याने कष्ट किती घ्यावेत, त्याची छाप कशी पडावी, त्याचा वेळ कसा वाचावा. ज्या व्यक्तीने तो मेसेज उघडला आणि उत्तर लिहायला घेतलं, तिच्या हाताशी त्या क्षणी काय होतं, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

माझ्या मते सगळा वाद तिथूनच सुरू व्हायला हवा होता. पहिला मेसेज चांगला की वाईट हे त्यातल्या हुशारीवरून ठरत नाही आणि लांबीवरूनही ठरत नाही. उत्तर देणाऱ्यावर किती काम पडतं आणि त्या उत्तरातून पुढे बोलण्याजोगं काही निघतं का, यावरून ते ठरतं. त्यामुळे मेसेजमध्ये तीन गोष्टी हव्यात. समोरच्याने प्रोफाइलमध्ये स्वतःहून सांगितलेली एक नेमकी बाब उचलायची. तिला धरून स्वतःबद्दलचं एखादं खरं वाक्य द्यायचं. आणि असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर सुरू करायला सोपं असेल पण जे फक्त तीच व्यक्ती देऊ शकेल. एवढं दोन-तीन वाक्यांत मावतं. तिन्हींपैकी एक जरी गळालं तरी संभाषण कुठे अडकणार हे आधीच सांगता येतं.

'हाय'च्या बाजूने जो सर्वांत भक्कम मुद्दा आहे, तो ती बाजू स्वतः क्वचितच मांडते, म्हणून आधी तोच घेऊ. औपचारिक, वरवरचं बोलणं निरर्थक नसतं. ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात हे फार नेमकेपणाने दाखवून दिलं. त्याचं निरीक्षण असं की माणसं पुष्कळदा माहिती देण्यासाठी बोलतच नाहीत. कसं काय, हवा किती गार आहे, आज लवकर निघालात, अशा बोलण्यात अर्थ जवळजवळ नसतो. नुसत्या शब्दांच्या देवाणघेवाणीतून माणसं एकमेकांशी जोडली जातात. अनोळखी माणूस गप्प बसला असेल तर ती शांतता धोक्याची वाटते, आणि दोन शब्द बोलले गेले की तो धोका सरतो, असं त्याने म्हटलं होतं. हे खरं आहे. रेल्वेच्या डब्यात समोर बसलेल्या माणसाला पहिलाच प्रश्न 'आयुष्यात कशाची खंत वाटते?' असा कुणी विचारत नाही, आणि विचारू नये. मग अ‍ॅपवर 'हाय, कसे आहात?' म्हटलं तर काय चुकलं?

चुकतं ते असं की मालिनोव्स्कीने सांगितलेलं काम करायला अ‍ॅपवर जागाच नाही. डब्यात दोन माणसं समोरासमोर असतात. तिथली शांतता दोघांनाही जाणवते आणि ती मोडण्याची गरज दोघांनाही असते. अ‍ॅपवर कुणीच समोर नसतं. तिथे शांतता हीच नेहमीची अवस्था आहे. मेसेज न उघडता फोन बाजूला ठेवला तर कुणालाही अवघडल्यासारखं होत नाही. जी शांतता कुणाला बोचतच नाही, ती मोडल्याबद्दल समोरच्याने उपकृत का व्हावं? दुसरा फरक आणखी महत्त्वाचा आहे. समोरासमोरच्या गप्पांना सामायिक परिसर असतो. 'आज उकडतंय' हे वाक्य चालतं, कारण दोघांनाही तेच ऊन लागत असतं. अ‍ॅपवर दोघांमध्ये सामायिक असं एकच काही असतं, आणि ते म्हणजे प्रोफाइल. म्हणून प्रोफाइलमधल्या एखाद्या गोष्टीवर बोलणं म्हणजे ओळख होण्याआधीच जवळीक दाखवणं नव्हे. डब्यात हवेबद्दल बोलणं जितकं साधं, तितकंच हेही साधं आहे. किंबहुना अ‍ॅपवरच्या हवापाण्याच्या गप्पा त्याच.

टेलिफोनवरच्या संभाषणांचा अभ्यास करणाऱ्या इमॅन्युएल शेग्लॉफ या समाजशास्त्रज्ञाने 1968 मध्ये एक साधा नियम नोंदवला होता: फोन उचलणारा आधी बोलतो, पण पहिला विषय काढण्याची जबाबदारी फोन करणाऱ्याची असते. आपण सगळे हे न शिकवता पाळतो. कुणी फोन करून 'हॅलो' म्हणालं आणि पुढे काहीच बोललं नाही, तर आपण विचारतो, 'बोला, काय काम काढलंत?' अ‍ॅपवरचं नुसतं 'हाय' नेमकं तिथेच थांबतं. घंटा वाजवली, दार उघडलं गेलं आणि वाजवणारा उंबऱ्यावर गप्प उभा राहिला. आता विषय कुणी शोधायचा? ज्याने बोलावलं नव्हतं त्याने. 'हाय' उद्धट नसतं, पण संभाषण सुरू करण्याचं सगळं काम ते समोरच्याच्या अंगावर ढकलतं. आणि समोरच्याकडे तसे वीस 'हाय' पडलेले असतील, तर त्यातल्या नेमक्या एकासाठी त्याने ते काम का करावं?

दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे, आणि तोही मला खरा वाटतो. बहुतेक मेसेजना उत्तर येत नाही. मग प्रत्येकासाठी प्रोफाइल वाचून, विचार करून लिहिणं म्हणजे वेळेची नासाडी नाही का? या बाजूला संशोधनाचा आधारही आहे. एलिझाबेथ ब्रुच आणि मार्क न्यूमन यांनी अमेरिकेतल्या चार मोठ्या शहरांतल्या ऑनलाइन डेटिंगच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. कुणाला किती जण आणि कोण मेसेज पाठवतं यावरून त्यांनी लोकांची मागणी मोजली. लोक सरासरीने स्वतःपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त मागणी असलेल्या व्यक्तींना मेसेज पाठवतात, असं त्यात दिसलं. जितकी मागणी जास्त, तितका मेसेज लांब लिहिला जात होता. त्या लांबीचा फायदा मात्र फारसा होत नव्हता. चार शहरांपैकी सिअ‍ॅटलमध्येच तो थोडाफार दिसला. हे वाचून कुणी म्हणेल, बघा, मेहनत फुकट जाते.

पण त्या अभ्यासात लांबी मोजली होती. लांब मेसेज आणि नेमका मेसेज यांत फार मोठं अंतर आहे. बहुतेक लांब मेसेज लांब होतात ते स्वतःबद्दलच्या माहितीने: मी काय करतो, मला काय आवडतं, मी कसा वेगळा आहे. असा मेसेज वाचणाऱ्याला उत्तर देणं सोपं होत नाही, उलट अवघड होतं, कारण दहा वाक्यांपैकी कशाला धरून बोलायचं हेच कळत नाही. शिवाय समोरून इतकं आलं की तितकंच परत द्यावं लागणार, असं दडपण येतं आणि 'रात्री निवांत लिहू' म्हणून मेसेज मागे पडतो. मागे पडलेला मेसेज सहसा मागेच राहतो. म्हणून हिशेबाची बाजू मांडणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तुम्ही चुकीची गोष्ट मोजता. किती मेसेजना उत्तर आलं हा आकडा मोजणं सोपं आहे, पण त्यातली निम्मी उत्तरं 'हाय' किंवा 'थँक्यू' असतील, तर त्यांचं करायचं काय? मोजायचंच असेल तर किती संभाषणं दहाव्या मेसेजपर्यंत पोहोचली ते मोजा. आणि उत्तर न येण्याचं कारण पुष्कळदा मेसेजमध्ये नसतंच. खातं महिनोन्‌महिने बंद असतं, कुणाशी तरी आधीच जमत आलेलं असतं, किंवा फोटो बघूनच निर्णय झालेला असतो. यातलं काहीही चांगल्या वाक्याने बदलणार नाही. चांगलं वाक्य उपयोगी पडतं ते त्या उरलेल्यांच्या बाबतीत, ज्यांना उत्तर द्यायला हरकत नव्हती पण काय लिहावं ते सुचलं नाही.

आता दुसऱ्या छावणीकडे. तयार ओळींची परंपरा अ‍ॅपच्या कितीतरी आधीची आहे. मध्ययुगीन युरोपात अकराव्या-बाराव्या शतकापासून पत्रलेखनाचं रीतसर शास्त्र शिकवलं जायचं आणि त्यात पत्राचे पाच भाग ठरलेले होते: अभिवादन, वाचणाऱ्याची सद्भावना मिळवणं, हकिकत, विनंती आणि समारोप. कुणाला कसं संबोधायचं याचे तयार नमुने असत, त्यावरून बघून लिहिण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. मग आजच्या तयार ओळींनाच नावं का ठेवायची? कारण अभिवादन साच्यातलं असलं तरी हकिकत पत्र लिहिणाऱ्याची आणि विनंती त्याच्या कामाची असायची. आपल्याकडेही मायना ठरलेला असे, पण 'पत्रास कारण की'च्या पुढचं ज्याचं त्यालाच लिहावं लागे. आजची तयार ओळ मायन्याची सोय करून थांबत नाही. ती कारणाचीही जागा घेते.

अशा ओळींना उत्तरं येतात, हे मी नाकारत नाही. चटकदार ओळ वाचून माणूस हसतो आणि हसल्याचं कळवतोही. पण त्या उत्तराकडे नीट बघा. विनोदाला दाद मिळते. दाद दिली की देणाऱ्याचं काम संपतं. पुढे त्याने काय बोलावं हे विनोदाने सांगितलेलं नसतं. आता पाठवणाऱ्याला दुसरी तितकीच चटकदार ओळ लागते, आणि ती नसली की तो निमूटपणे 'मग, काय करता?' यावर येतो. म्हणजे वळसा घेऊन पुन्हा 'हाय'वरच. पहिल्या मेसेजची पारख तिसऱ्या मेसेजला होते, आणि तयार ओळीचे पुरवठादार तिथे कधीच हजर नसतात.

आणखी एक सल्ला अलीकडे फार ऐकू येतो: वरवरचं सोडा, थेट खोल प्रश्न विचारा. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ आर्थर एरॉन यांच्या 1997 मधल्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. छत्तीस प्रश्नांनी अनोळखी माणसं जवळ येतात, असं त्याबद्दल सांगितलं जातं. प्रयोग खरा आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष उलटा आहे. ते छत्तीस प्रश्न बारा-बाराच्या तीन गटांत होते आणि गटागटाने वैयक्तिक होत जात होते. पहिलाच प्रश्न होता, जगातल्या कुणालाही जेवायला बोलावता आलं तर कुणाला बोलवाल? त्याचं उत्तर देताना कुणाचंही काही उघडं पडत नाही. जड प्रश्न शेवटच्या गटात होते, तिथवर पोहोचायला अर्धा तास लागायचा, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं होतं. दोघंही आपल्या मर्जीने त्या खोलीत बसलेले होते. यातून प्रश्नांच्या खोलपणापेक्षा त्यांची चढण महत्त्वाची ठरते, आणि देवाणीइतकीच घेवाण. शेवटच्या पायरीवरचा प्रश्न उचलून पहिल्या मेसेजमध्ये टाकणारा माणूस या दोन्ही गोष्टी फेकून देतो. तो स्वतः काही न सांगता समोरच्याला मन मोकळं करायला सांगतो.

हे सगळं एका उदाहरणावर घासून बघू. समजा एका बाईंचं प्रोफाइल समोर आहे. चार फोटो: एक डोंगरावरचा, एक कुत्र्याबरोबरचा, एक मैत्रिणींच्या घोळक्यातला, एक नुसता चेहऱ्याचा. आवडींमध्ये प्रवास, वाचन, संगीत. आणि खाली एक वाक्य: 'पस्तिशीत पोहायला शिकले. खोल पाण्यात अजूनही भीती वाटते.' प्रवास, वाचन आणि संगीत जवळजवळ प्रत्येक प्रोफाइलमध्ये असतं. ते वाक्य मात्र दुसऱ्या कुणाचं असू शकत नाही. ज्याला लिहायचं आहे त्याने तिथेच थांबायला हवं.

आता मेसेज. 'तुमचं हसणं फार सुंदर आहे.' याचं उत्तर 'थँक्यू', आणि विषय संपला. शिवाय चेहऱ्याबद्दल पहिल्याच वाक्यात बोललं की ते वाक्य त्या वाचत नाहीत; असे किती आले तेवढं त्यांना आठवतं. 'तुम्हाला पोहायला आवडतं का?' हे नेमकं वाटतं, पण नाही. उत्तर हो किंवा नाही असं आहे, आणि बरंचसं त्यांनी आधीच दिलेलं आहे. प्रोफाइल चाळलं एवढंच त्यातून कळतं. 'इतकी वर्षं पाण्यापासून लांब का राहिलात? ही भीती कशातून आली?' हा खोल प्रश्नवाल्यांचा मेसेज. त्या भीतीमागे काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. काहीच नसेल, किंवा घरातलं कुणी बुडालं असेल. ते उकरून काढण्याचा हक्क अनोळखी माणसाला दोन वाक्यांच्या प्रोफाइलने मिळत नाही. आणि चौथा, अनेक पुरुष अगदी भल्या मनाने पाठवतात तो: मी शाळेपासून पोहतो, अमुक स्पर्धेत होतो, भीती घालवायची तर आधी पाठीवर तरंगायला शिका, मी शिकवीन. यात मदत आहे, पण ती कुणी मागितली नव्हती. त्यांनी आपली एक हकिकत सांगितली होती आणि समोरच्याने ती दुरुस्त करायला घेतली.

मग काय लिहावं? मी असं काहीतरी लिहायला सांगेन: 'पस्तिशीत पोहायला शिकलात हे वाचून थांबलो. मी सायकल सत्ताविसाव्या वर्षी शिकलो, आणि पडण्यापेक्षा बघणाऱ्या लहान मुलांचीच जास्त धास्ती होती. तुमच्या वर्गात सगळी मोठी माणसं होती, की तुम्हीही पोरांच्यात शिकलात?'

पहिल्या वाक्याने हा मेसेज त्यांनाच का, हे सांगितलं. कौतुकाची विशेषणं न वापरता. दुसऱ्या वाक्यात लिहिणाऱ्याने स्वतःचं काहीतरी दिलं, आणि त्याचं माप बघा: त्यांनी एक छोटी, थोडी अवघडलेली गोष्ट कबूल केली होती, यानेही तेवढ्याच आकाराची कबूल केली. जास्त नाही, कमी नाही. अर्थात सायकलची ती गोष्ट खरी हवी. खरी नसेल तर दुसरी शोधावी, किंवा 'मला अजूनही पोहता येत नाही' हे तरी लिहावं. साम्यच हवं असं काही नाही, फरकावरूनही बोलता येतं. पण जुळतंय असं भासवायला रचलेली आवड चौथ्या-पाचव्या मेसेजला उघडी पडते. तिसरं वाक्य म्हणजे प्रश्न. 'की' घालून दोन पर्याय दिलेत, त्यामुळे घाईत असलेला माणूस एका शब्दातही उत्तर देऊ शकतो. पण दोन्ही पर्यायांमागे एकेक प्रसंग दडलेला आहे, आणि तो सांगावासा वाटण्याची शक्यता बरीच आहे. भीतीचा विषय लिहिणाऱ्याने काढलेला नाही. तो त्यांच्या ताब्यात राहिला. काढायचा असेल तेव्हा त्या काढतील.

पाठवण्याआधी हा मेसेज तपासताही येतो. तो जसाच्या तसा दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का? येत असेल तर नेमकेपणा कमी पडला. समोरच्याचं संभाव्य उत्तर आपणच मनात लिहून बघावं. 'हो', 'थँक्यू' किंवा 'हाहा' याखेरीज काही सुचत नसेल तर प्रश्न बदलावा. आणि तोच प्रश्न उलटा आपल्याला आला तर सांगण्यासारखं आपल्याकडे काही आहे का, हेही बघावं. नसेल तर आपण मुलाखत घ्यायला निघालो आहोत.

समजा उत्तर आलं: 'पोरांच्यातच! आठ वर्षांची एक मुलगी मला पाण्यात श्वास कसा सोडायचा ते शिकवायची.' इथे बहुतेक जण 'वा, मस्त!' म्हणतात आणि पुढचा प्रश्न टाकतात: 'आणि काय काय करता?' चांगला सुरू झालेला धागा असा हाताने तोडला जातो. कॅरन ह्वांग, ॲलिसन वुड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रश्नांचे प्रकार वेगवेगळे करून पाहिले होते. समोरच्याने आताच जे सांगितलं त्यालाच धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं अधिक आवडतात, असं त्यांना आढळलं. स्पीड डेटिंगच्या नोंदींमध्ये अशा लोकांना दुसऱ्या भेटीसाठी होकारही जास्त मिळाले होते. इथे तो धागा म्हणजे ती आठ वर्षांची मुलगी. 'माझ्या वेळची मुलं नुसती हसायची, तुम्हाला गुरू मिळाली. ती ओरडायची का तुमच्यावर?' यात विषय बदललेला नाही, आपल्याकडचा एक तुकडा पुन्हा दिलेला आहे आणि प्रश्न हलका आहे. तीन-चार मेसेजांत बोलणं मोठेपणी नवखं असण्यावर येईल, कुणापुढे चुकायला लाज वाटते यावर येईल. म्हणजे खोल प्रश्नवाल्यांना जिथे पहिल्या फटक्यात पोहोचायचं होतं तिथेच, पण दोघं मिळून. आणि उत्तर फक्त 'पोरांच्यात' एवढंच आलं तर? आपल्याकडचं थोडं देऊन आणखी एकदा हलकं विचारून बघावं. पुन्हा एकच शब्द आला तर थांबावं. त्याचा अर्थ काय असेल ते असो, ओढून संभाषण होत नाही.

नेमकेपणावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बहुतेक वेळा स्त्रियांकडून येतो: फार नेमका मेसेज धास्ती घालतो. फोटोतल्या पाटीवरून राहण्याचा भाग ओळखणं, कार्यालयाचं नाव काढणं, दुसरीकडच्या खात्यावर जाऊन जुने फोटो बघून त्यावर बोलणं. असं करणाऱ्याला वाटतं आपण लक्ष दिलं. वाचणारीला वाटतं आपल्यावर पाळत ठेवली गेली. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच मी सुरुवातीला 'स्वतःहून सांगितलेली' असं म्हटलं. पोहण्याबद्दलचं वाक्य त्यांनी इतरांनी वाचावं म्हणून लिहिलं होतं. फोटोच्या कोपऱ्यात आलेली पाटी त्यांनी कुणाला सांगितलेली नव्हती. जे सांगितलं आणि जिथे सांगितलं, तेवढ्यावरच बोलावं. संबोधनाचंही तेच. अ‍ॅपवर वय कमी असलं की सरसकट 'तू' सुरू होतं. पहिल्या मेसेजमध्ये 'तुम्ही' म्हटल्याने कुणी दुरावत नाही, आणि 'अहो-जाहो नको' हे सांगण्याची पहिली छोटी संधी समोरच्याला मिळते.

शेवटी उरतं ते प्रोफाइल, ज्यात धरायला काहीच नाही. प्रवास, वाचन, संगीत, बस. अशा वेळी त्या सर्वसाधारण शब्दाचा एक छोटा काप काढता येतो. 'कुठे कुठे फिरलात?' याऐवजी 'मी निघण्याआधी सगळं ठरवून कागदावर उतरवतो आणि मग त्यातलं निम्मं पाळत नाही. तुम्ही ठरवून निघता की तिथे गेल्यावर बघता?' हे पोहण्याच्या मेसेजइतकं चांगलं कधीच होणार नाही, कारण ते इतर अनेकांनाही पाठवता येईल. इथे मेसेज लिहिणाऱ्याचा दोष नाही. पहिल्या मेसेजमध्ये काय येऊ शकतं याची मर्यादा प्रोफाइल लिहिणाऱ्यानेच आखलेली असते, आणि 'हाय'ला वैतागलेल्या माणसांना हे सांगायला हवं, मग ती स्त्री असो की पुरुष. 'मला प्रवास आवडतो' खोडून तिथे 'परतीच्या प्रवासात मला कधीच झोप लागत नाही' एवढं लिहिलं, तरी लिहू पाहणाऱ्याला विचारायला काहीतरी मिळतं. जो ते वाचूनही 'हाय'च पाठवेल, त्याला उत्तर द्यायचं की नाही हे ठरवणंही मग सोपं जातं.